एका लुगड्यामागं एक खण

राधाकिशन शेठ हैदराबादेहून परत आले ते दोन गोष्टी घेऊन. एक बिघडलेलं पोट आणि दुसरी सहा वाक्यं. पोट ओव्याच्या पाण्यानं बरं झालं. वाक्यांवर मात्र कुणाकडं औषध नव्हतं.

आंबेजोगाईला तेव्हा सरकारी कागदांत मोमिनाबाद म्हणत. तिथल्या पेठेत शेठजींचं कापडाचं दुकान होतं. आत पांढऱ्या गादीवर शेठजी बसत आणि पुढच्या बैठकीवर तीन गुमास्ते गिऱ्हाईक करत. सर्वांत जुना बंकट. त्याच्या मिशा दुकानापेक्षा जुन्या होत्या असं त्याचं स्वतःचं म्हणणं. दुसरा रामहरी. ऐकलेलं काहीही त्याच्या डोक्यात जसंच्या तसं राही, फक्त त्याचा अर्थ बाहेर राही. तिसरा धोंडीराम. तो पोळ्यानंतर लागलेला, म्हणजे अजून कच्चा. चहा आणायचा झाला की सगळ्यांना त्याचं नाव बरोबर आठवे.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी, दुकानाच्या फळ्या उघडायच्या आत, शेठजींनी तिघांना समोर बसवलं.

"मागच्या दिवाळीला काय झालं, आठवतं?" शेठजींनी विचारलं.

तिघांनी माना खाली घातल्या. धोंडीराम मागच्या दिवाळीला दुकानात नव्हता, पण मान खाली घालण्यात मागं राहणं बरं दिसलं नसतं.

मागच्या दिवाळीला असं झालं होतं की सवलत एक होती आणि सांगणारी तोंडं तीन. बंकटनं सांगितलं, लुगड्यामागं एक खण. रामहरीनं सांगितलं, दोन. आणि जो तिसरा गुमास्ता आता दुकानात नाही, त्यानं धर्मापुरीच्या एका शेतकऱ्याला सांगितलं की धोतरावरसुद्धा खण मिळतो. तो शेतकरी खणासाठी ओट्यावर बसला तो पाडव्यापर्यंत उठला नाही. त्याचं दिवाळीचं फराळपाणी शेठजींच्या घरून झालं. जाताना तो शेठाणीला आशीर्वाद देऊन गेला आणि शेठजींना शिव्या.

"हैदराबादेत मी एक दुकान पाहिलं," शेठजी म्हणाले. "दहा गुमास्ते. दहाही जण एकच बोलतात. कुणाकडंही जा, तेच शब्द. गिऱ्हाईक भांडणार कशावर? आता आपलंही तसंच. ऐका."

आणि त्यांनी डोळे मिटून म्हटलं:

"राम राम बाई, या, बसा, पाणी घ्या. घरात कुणाला काय घ्यायचं ते सांगा, घाई नाही. दिवाळीची सवलत आहे ती ऐकून घ्या: एका लुगड्यामागं एक चोळीचा खण फुकट, वर कुंकवाची पुडी. धोतराला, उपरण्याला आणि फाडून दिलेल्या कापडाला ही सवलत नाही. सवलत पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत. तुमचं कुंकू अखंड राहो."

बंकटनं मिशीवरून हात फिरवला. "शेवटचं लई ग्वाड हाय, शेठजी."

"तेच तर त्या दुकानात ऐकलं. बाई रिकाम्या हातानं गेली तरी हसत गेली पाहिजे." खरं म्हणजे शेठजींनी सुरतेच्या एका दलालाच्या बोलण्याला भुलून गुळेदगुडच्या खणांचा एक गठ्ठा जास्त घेतला होता आणि तो वर्षभर माळ्यावर उंदरांची सोय करत होता. पण ते वाक्यात नव्हतं.

मग नियम झाले. आधी बसवायचं, मग पाणी, मग ऐकायचं, आणि सवलत माल उलगडण्याआधी सांगायची, नंतर नाही. नंतर सांगितलं तर गिऱ्हाइकाला वाटतं आपण भाव करत होतो म्हणून काढून दिली. ‘बघतो’ म्हणायचं नाही. ‘करून देऊ’ म्हणायचं नाही. सवलतीत नाही ते तोंडात नाही. आणि एकालाही वेगळं सांगायचं नाही, मग तो तहसीलदार असो की तहसीलदाराचा घोडा.

"मी गादीवरून ऐकत राहणार," शेठजी म्हणाले आणि त्यांनी पितळी वाटी पुढं ओढली. तिच्यात चिंचोके होते. "एक शब्द गळाला की एक चिंचोका बाजूला. ज्याच्या नावाची मूठ भरली त्यानं पाडव्याला घरी राहायचं. आणि त्यानंतरही."

तालीम सुरू झाली. बंकट डोक्यावर पंचा घेऊन बाई झाला. मिशा तशाच होत्या, पण त्यानं पंचा असा काही दातांत धरला की रामहरी खरंच लाजला. रामहरीनं सहाही वाक्यं एका दमात म्हटली. मध्येच बंकटनं बारीक आवाजात विचारलं, "का वं दादा, हिरवा खण हाय का?" तर रामहरी थांबला, त्याचे डोळे वर गेले, आणि त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली: राम राम बाई, या, बसा. त्याच्या आत वाक्यं माळेसारखी ओवलेली होती. मध्येच तोडली की सगळे मणी खाली.

"राहू दे," शेठजी म्हणाले. "निदान गळत तरी नाही."

धोंडीरामची पाळी आली. त्यानं म्हटलं, सगळं म्हटलं, आणि शेवटच्या वाक्यावर त्याला एकाएकी घाम फुटला.

"शेठजी," तो म्हणाला, "बाई रांडव आसली तर?"

दुकानात असं शांत झालं की माळ्यावरचे उंदीरसुद्धा थांबले. ज्या बाईचा नवरा नाही तिला ‘तुमचं कुंकू अखंड राहो’ म्हणणं म्हणजे काय, हे त्या दुकानात कुणाला सांगावं लागणार नव्हतं. पण विधवा बाई सहसा पेठेत येत नसे, घरचा कुणी पुरुष कापड घेऊन जाई. सहसा. एक सोडून.

ती एक दरवर्षी वसुबारसेला यायची.

घाटनांदूरच्या चंद्रभागाबाई. नवरा जाऊन पंधराएक वर्षं झाली, तेव्हापासून जमीन, बैल, गडी आणि भीती त्यांच्याच नावावर होती. दिवाळीला त्या स्वतः गाडी जोडून यायच्या आणि वस्तीवरच्या सगळ्या सालगड्यांच्या बायकांसाठी लुगडी घ्यायच्या. तेवढं गिऱ्हाईक शेठजींना आख्ख्या कार्तिकात मिळत नसे.

शेठजींचा चेहरा हैदराबादेहून आल्या दिवशी होता तसा झाला.

"धोंडीराम," ते हळू म्हणाले, "तू त्यांच्याच वस्तीवरचा ना?"

"व्हय. माजी आय तिथंच हाय."

"मग त्यांना तूच बघ. तुला त्यांची माहिती आहे."

"पर म्हणू काय?"

"एक शब्द गाळायचा नाही," शेठजी म्हणाले, "आणि एक शब्द त्यांना लागायचाही नाही." एवढं म्हणून ते आत ओव्याचं पाणी प्यायला गेले.

धोंडीरामची माहिती अशी होती: त्याचा बाप चंद्रभागाबाईंच्या शेतावर राबून गेला. आई कडूबाई अजून तिथंच, बाईसाहेबांच्याच जमिनीवर, बाईसाहेबांच्याच तुराट्यांच्या खोपटात राहत होती आणि शेण-गोठा करत होती. धोंडीराम शिकून गुमास्ता झाला नव्हता, पळून झाला होता. बाईसाहेबांनी त्याबद्दल आजवर एक शब्द काढला नव्हता, आणि हीच गोष्ट त्याला झोपू देत नसे. दोन सालांमागं एका गड्यानं बैल उपाशी ठेवले. बाईसाहेब काही बोलल्या नाहीत. तो गडी बाजाराहून परत आला तेव्हा त्याच्या खोपटाच्या जागी कडब्याची गंजी रचलेली होती. नीट, चौकोनी, वरून शेणानं सारवलेली. तिथं कधी कुणी राहत होतं असं वाटूच नये. गडी गंजीभोवती तीन फेरे मारून, दार कुठं आहे ते शोधून, मग निघून गेला.

"तुला सांगू का," पाणी भरताना बंकट म्हणाला, "सवलतीचं बोलूच नको. तिला खण काय करायचाय बे? येऊ दे, घेऊ दे, जाऊ दे."

"अन् चिंचोके?"

"चिंचोक्यानं खोपट जात न्हाई."

हे धोंडीरामला पटलं. भ्यालेल्या माणसाला पटकन पटतं.

वसुबारसेला सकाळपासून गाडीचे घुंगरू वाजले की धोंडीरामच्या हातातून कापड मोजायचा गज पडे. पहिली गाडी गुळाची निघाली. दुसरीत कुणीतरी आजारी होतं. धोंडीरामनं त्यालासुद्धा घाबरून राम राम घातला. तिसरी म्हणजे तहसीलदारांच्या घरची पडदा लावलेली धमणी गाडी. आतली बाई मुसलमान, गोशातली, पडद्याबाहेर नुसता बांगड्यांचा आवाज. रामहरी पुढं झाला आणि पडद्याकडं तोंड करून त्यानं सगळं म्हटलं, राम राम बाईपासून, शेवटच्या ‘तुमचं कुंकू अखंड राहो’सकट. बंकटनं कपाळावर हात मारला. शेठजींनी गादीवर डोळे मिटून घेतले. आता तहसीलदार काय करतील याचा विचार सगळ्यांनी आपापल्या परीनं केला.

पडदा थोडा हलला. आतून बारीक आवाज आला, "आमीन."

बाईंनी दोन लुगडी घेतली, दोन्ही खण घेतले, आणि पुड्या गाडीवानाच्या हाती त्याच्या बायकोसाठी दिल्या. रामहरीला काही विशेष झालं असं वाटलंच नाही.

आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा घुंगरू न वाजवता चौथी गाडी आली. चंद्रभागाबाई बैलांना घुंगरू बांधू देत नसत. बैलांनी आपण येतोय हे सांगायची गरज नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या उतरल्या. उंच, काळपट लुगडं, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. मागं त्यांचा कारभारी विठ्ठलराव, हातात छत्री, जी तो स्वतःवर कधी धरत नसे. त्या बैठकीवर बसल्या आणि समोर कोण आहे ते त्यांनी पाहिलं.

"धोंड्या का रं?"

"व्हय बाईसायेब. राम राम बाई, या, बसा, पाणी घ्या."

त्या आधीच बसलेल्या होत्या. पण वाक्य वाक्याच्या जागी होतं.

"घरात कुणाला काय घ्यायचं ते सांगा, घाई नाही," धोंडीराम म्हणाला. त्याचा आवाज कुणीतरी शेजारच्या दुकानातून बोलतंय असा येत होता. आता तिसरं वाक्य. त्यानं तोंड उघडलं. समोरचं मोकळं कपाळ दिसलं. कपाळामागं कडब्याची गंजी दिसली, चौकोनी, सारवलेली. त्यानं तोंड मिटलं आणि लुगडी उलगडायला घेतली.

गादीवर शेठजींचा हात चिंचोक्यांच्या वाटीपर्यंत गेला. बाईसाहेबांकडं पाहून तो हात परत आला आणि पोटावर ठेवला गेला.

चंद्रभागाबाईंनी लुगडी निवडली. प्रत्येक लुगड्याचा काठ त्यांनी बोटांत चोळून पाहिला, थुंकी लावून रंग पाहिला, आणि दर लुगड्याला नाव घेतलं. हे शिवकन्येला, नवी नवरी हाय, लाल दे. हे छबूला, ती उंच हाय, लांबी बघ. हे कडूबाईला. आईचं नाव ऐकून धोंडीरामनं लुगडं जरा जास्तच नीट घडी केलं. विठ्ठलरावानं गाठोडी बांधली. हिशेब मिटला. बाईसाहेब उठल्या. पायात वहाण घातली. धोंडीरामच्या छातीत मघापासून बसलेलं काहीतरी उठून उभं राहायला लागलं.

तेवढ्यात पलीकडं केशरबाई माळीण येऊन बसली. टोपलीत मेथीच्या जुड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि घ्यायचं एकच लुगडं. रामहरी तिच्यासमोर ताठ झाला आणि पेठेत ऐकू जाईल असा सुरू झाला.

"राम राम बाई, या, बसा, पाणी घ्या. घरात कुणाला काय घ्यायचं ते सांगा, घाई नाही. दिवाळीची सवलत आहे ती ऐकून घ्या: एका लुगड्यामागं एक चोळीचा खण फुकट..."

"रामहरी," बंकट दातांतून म्हणाला. "थांब बे."

रामहरी थांबला. डोळे वर गेले. "राम राम बाई, या, बसा, पाणी घ्या..."

"अरं गप!"

"राम राम बाई," रामहरी जास्त मोठ्यानं म्हणाला, "या, बसा..."

चंद्रभागाबाईंनी एक वहाण काढली. मग दुसरी. आणि त्या परत येऊन बसल्या. रामहरीनं तोवर शेवटपर्यंत मजल मारली होती, पाडव्याची संध्याकाळ, अखंड कुंकू, सगळं. केशरबाई खूश होऊन म्हणाली, "बया, आमच्या धन्याला सांगते."

"धोंड्या," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "ह्यो काय म्हणतोय?"

शेठजी गादीवरून घाईनं उतरले; इतक्या वर्षांत ते दिवसाढवळ्या गादीवरून उतरलेले कुणी पाहिले नव्हते. "बाईसाहेब, काही नाही, ती किरकोळ सवलत, आपल्यासारख्यांना काय तिचं..."

"शेठ, तुमी बसा."

शेठजी जिथं होते तिथंच, जमिनीवर, बसले.

"सवलत सगळ्यांला हाय का?"

"सगळ्यांला," धोंडीराम म्हणाला.

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

आता खोटं बोलायला जागा नव्हती, आणि खरं बोलायला जीव नव्हता. "बाईसायेब," तो म्हणाला, "शेवटाला कुंकवाचं वाक्य हाय. तुमाला म्हणायला भ्यालो. मग म्हटलं, सगळंच राहू द्यावं."

चंद्रभागाबाईंनी गाठोड्यांकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. त्यांचा आवाज चढला नाही, आणि न चढलेला तो आवाज ऐकून बाहेर ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं.

"ही लुगडी मी नेसणार हाय का रं? शिवकन्येला नवरा हाय. छबूला नवरा हाय. कपाळ माजं मोकळं, अन् खण गेले त्यांचे. माज्या तोंडाकडं बघून तू माज्या बायांची कापडं कापलीस."

विठ्ठलराव छत्रीकडं पाहत राहिला. केशरबाईनं मेथीची एक जुडी उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली.

"चुकलं, बाईसायेब. खण आत्ता देतो."

"खण तर देशीलच. आधी सांग."

"काय?"

"सवलत. गिऱ्हाईक हाय मी. पयल्यापासून, एक बी शब्द न गाळता. शेठनं सांगितलंय ना तसं?"

धोंडीरामनं शेठजींकडं पाहिलं. शेठजी जमिनीवरून नजर काढत नव्हते; तिथं त्यांना काहीतरी फार महत्त्वाचं दिसत असावं. धोंडीरामनं हात जोडले, कारण हातांचं दुसरं काय करावं ते कळेना, आणि म्हणायला लागला. राम राम. या, बसा. पाणी. घाई नाही. लुगड्यामागं खण. धोतराला नाही. पाडव्यापर्यंत. प्रत्येक शब्द त्याला विहिरीच्या पायरीसारखा वाटत होता, खाली खाली जाणारी, आणि तळाशी ते वाक्य पाण्यासारखं काळं.

"तुमचं..." तो म्हणाला.

"म्हण."

"तुमचं कुंकू अखंड राहो."

रस्त्यावर कुणीतरी बैलाला हाकललं, तेवढाच आवाज.

"हं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मेलं न्हाई कुणी." त्यांनी पदर सारखा केला. "आता खण काढ. अन् ऐक. हे खण गाठोड्यात न्हाई घालायचे. पाडव्याला तू सोता वस्तीवर यायचं. दारोदार हुबं राहून हे आसंच्या आसं म्हणायचं, अन् मग खण द्यायचा. ज्या बाईला तू सांगितलं न्हाईस तिला आता तोंडानं सांगायचं. मी संगं आसन. एक बी शब्द गाळला तर खोपटाचं मी बघते."

त्या गेल्या. घुंगरू न वाजता गाडी निघाली. शेठजी उठले आणि गादीवर बसले. वाटी समोर होती, पण त्यांनी ती गादीखाली सारली. "पाडव्याला सुटी घे," ते म्हणाले. "पगारी." ही सवलत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जाहीर केली होती, आणि तिची मुदत सांगितली नाही.

पाडव्याच्या सकाळी धोंडीराम वस्तीवर पोचला तेव्हा बायका नवी लुगडी नेसून दारांत उभ्याच होत्या. बातमी आधी पोचलेली. चंद्रभागाबाई काठी घेऊन मागं, विठ्ठलराव खणांचं गाठोडं घेऊन त्यांच्याही मागं, आणि त्याच्यामागं वस्तीवरची सगळी पोरं आणि एक शेळी.

शिवकन्येच्या दारात धोंडीराम म्हणाला, "राम राम बाई, या, बसा, पाणी घ्या." शिवकन्या स्वतःच्याच दारात उभी होती, तिनं आत जाऊन पाणी आणलं आणि त्यालाच दिलं. तो प्याला आणि पुढचं म्हणाला. छबूबाईच्या दारात तिच्या नवऱ्यानं धोतराला सवलत का नाही म्हणून वाद घातला. धोंडीरामनं सांगितलं, सवलतीत नाही ते तोंडात नाही. शेळीनं एका पुडीतलं कुंकू खाल्लं आणि दिवसभर सवाष्णीसारखी फिरली. हसू सगळीकडं होतं, फक्त धोंडीरामला ते दुरून, ओढ्यापलीकडून आल्यासारखं ऐकू येत होतं. कारण ओळीनं खोपटं संपत चालली होती आणि त्याला पुढचं दिसत होतं.

आख्ख्या वस्तीवर कपाळ मोकळं असलेल्या दोघीच होत्या. एक त्याच्यामागं चालत होती. दुसरी समोर दारात उभी होती.

कडूबाई नवं लुगडं नेसून, हात पुसत, लेकाकडं पाहत होती. तो गुमास्ता झालेला तिनं अजून पाहिला नव्हता.

"राम राम बाई," धोंडीराम म्हणाला. "या, बसा, पाणी घ्या."

आई बसली नाही. ऐकत राहिली. तो खण म्हणाला, पुडी म्हणाला, धोतर म्हणाला, पाडव्याची संध्याकाळ म्हणाला. मग थांबला.

"पुढं," मागून आवाज आला.

धोंडीरामनं आईच्या कपाळाकडं पाहिलं. तिथं कुंकवाच्या जागी जुनी, फिकट, कातडीत मुरलेली खूण होती. त्याला बाप आठवला नाही, काही आठवलं नाही. फक्त एवढं कळलं की जीभ हलत नाही.

"पुढं म्हण, धोंड्या."

"न्हाई म्हणत, बाईसायेब."

विठ्ठलरावानं गाठोडं खाली ठेवलं. कडूबाईचा हात दाराच्या तुराटीवर गेला आणि तिनं ती घट्ट धरली, जणू खोपट आत्ताच कुणी उचलून नेणार होतं.

"मला म्हटलास ना?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"तुमाला भ्यालो म्हणून म्हटलं."

"अन् आता भीत न्हाईस?"

"लई भीतोय," धोंडीराम म्हणाला. ते दिसतच होतं. "पर आयला न्हाई म्हणत."

चंद्रभागाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी कडूबाईकडं पाहिलं. मग खोपटाकडं. छपराकडं. बराच वेळ छपराकडं. गवत एका बाजूनं काळं पडून खाली लोंबत होतं.

"कुजलंय," त्या म्हणाल्या. "विठ्ठलराव, उद्या हितं दोन गाड्या गवत टाका."

धोंडीरामला चौकोनी गंजी दिसली. वरून सारवलेली. दार कुठंच नाही. कडूबाईनं डोळे मिटले. विठ्ठलरावालाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं घसा खाकरून, फार अदबीनं विचारलं, "रचायचं का, बाईसायेब, का शाकारायचं?"

"आत बाई राहती, दिसत न्हाई का? शाकारायचं, अन् काय!" चंद्रभागाबाई खेकसल्या. मग धोंडीरामकडं न पाहता म्हणाल्या, "तुज्या शेठला सांग, ते शेवटचं काढून टाका म्हणावं. कुणाचं काय अखंड हाय ते पेठेत कशाला म्हणायचं. खण द्या अन् गप बसा. माज्या नावानं सांग."

धोंडीरामनं मान हलवली. स्वतःच्या नावानं सांगितलं असतं तर शेठजींनी दहा कारणं काढली असती. बाईसाहेबांच्या नावानं सांगितल्यावर शेठजी कारण विचारायच्या आधी ओव्याचं पाणी मागतील, हे त्याला आत्ताच दिसत होतं.

त्यानं पुडी काढून बाजूला ठेवली आणि नुसता खण आईच्या हातात दिला. कडूबाईनं तो उजेडाकडं धरला, काठ चोळला, आणि पहिल्यांदाच बोलली.

"रंग जातो का रं?"

हे सहाही वाक्यांत कुठं नव्हतं.

"जातो," तो म्हणाला. "पयल्यांदा मिठाच्या पाण्यात घाल. एकटा धू."

"बरं सांगितलंस," आई म्हणाली.

"झालं का?" चंद्रभागाबाई पुढं निघाल्याही होत्या. "चल. गोठ्यामागं अजून तिघी हायेत. तिघींला नवरे हायेत. तिथं मोठ्यानं म्हण."

धोंडीराम त्यांच्यामागं गेला. पहिल्या दारात त्यानं राम राम म्हटला तो इतका मोठा की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले.